तबला शिष्याच्या घरी

ऑनलाइन गाणं शिकवायला बसलेला प्रत्येक शिक्षक सुरुवातीला एकदा तरी म्हणतो, “चला, सगळे माझ्याबरोबर म्हणा.” भूपाची सरगम सुरू होते आणि दोन आवर्तनांत तिचा बाजार होतो. एक मुलगी अर्धी मात्रा मागे असते, दुसरा मुलगा पाऊण मात्रा मागे, आणि तिसऱ्याचा आवाज मध्येच गडप होतो. मग शिक्षक महागडा इंटरनेट प्लॅन घेतो. गंमत अशी की त्यानंतरही मुलं तितकीच मागे राहतात.

हवेत आवाजाला एक मीटर जायला सुमारे तीन मिलिसेकंद, म्हणजे सेकंदाचे तीन सहस्रांश लागतात. बैठकीत तबलजी आणि गायक दोन-तीन मीटरवर असतात, तेव्हा हा उशीर जाणवतही नाही. साधारण २५ ते ३० मिलिसेकंदांपर्यंत दोघे एकमेकांना सांभाळून घेतात. त्यापुढे मात्र एकत्र राहणं अवघड होत जातं.

आता समजा शिक्षक सांगलीत आहेत आणि शिष्य न्यू जर्सीतल्या एडिसनमध्ये. अंतर सुमारे तेरा हजार किलोमीटर. काचेच्या तारेतून प्रकाश सेकंदाला दोन लाख किलोमीटर जातो, म्हणजे केबल अगदी सरळ रेषेत टाकली असती तरी एका दिशेला साठेक मिलिसेकंद गेलेच. त्यात आवाजाचे तुकडे करून पाठवणं आणि पलीकडे ते जुळवून वाजवणं यांचा वेळ धरा. एका दिशेला दोनशे मिलिसेकंद हा अशा कॉलसाठी व्यवहारी आकडा आहे. प्रकाशापेक्षा वेगवान प्लॅन कुणी विकत नाही. शिष्य शेजारच्या गल्लीत राहत असला तरी जुळवाजुळवीचा वेळ उरतोच, त्यामुळे नेहमीच्या व्हिडिओ कॉलवर तिथेही एकत्र गाणं जमत नाही.

शिक्षकांनी १२० मात्रांच्या लयीत तीनताल धरला, तर एक मात्रा पाचशे मिलिसेकंदांची. शिक्षकांची सम शिष्याला दोनशे मिलिसेकंद उशिरा ऐकू येते. तो तिच्यावर अचूक गातो आणि त्याचा आवाज परत यायला आणखी दोनशे लागतात. सांगलीत बसलेल्या सरांना वाटतं, हा चार पंचमांश मात्रा मागे पडतोय. ते त्याच्यासाठी जरा थांबतात, त्यामुळे शिष्याला लय उतरल्यासारखी वाटते आणि तोही सावकाश होतो. पाहता पाहता मध्यलयीची बंदिश विलंबित होते. चूक मात्र कुणाचीच नसते.

हे शिष्याच्या पालकांना समजावण्याचा सोपा मार्ग आहे. सेकंदाला एक अशा गतीने तुम्ही अंक मोजा आणि मुलाला प्रत्येक अंकावर टाळी द्यायला सांगा. टाळी दोन अंकांच्या मधोमध ऐकू आली, तर जाण्यायेण्यात अर्धा सेकंद जातोय.

या हिशेबातच उपाय दडलेला आहे. घोटाळा होतो तो आवाज जाऊन परत आल्यामुळे. एकाच दिशेने जाणाऱ्या आवाजाला उशिराने काही बिघडत नाही. म्हणून जो गातोय, त्याच्या खोलीत तानपुरा आणि तबला वाजला पाहिजे. शिष्य गात असेल तेव्हा तबल्याचं ॲप त्याच्याकडे, त्याच्याच दुसऱ्या फोनवर सुरू हवं. मग त्याचं गाणं आणि ठेका दोन्ही एकाच माइकमधून एकत्र निघतात. शिक्षकांकडे पोहोचतात उशिरा, पण एकमेकांशी जुळलेले. त्या वेळी शिक्षकांनी स्वतःचा माइक बंद ठेवायचा. हातावर ताल धरायला हरकत नाही, फक्त शिष्याने त्या हाताकडे बघायचं नाही. शिक्षक गाऊन दाखवतील तेव्हा तबला त्यांच्याकडे.

याचा आणखी एक फायदा लवकर लक्षात येत नाही. नेट अडखळलं की मागे राहिलेला आवाज भरून काढण्यासाठी कॉलचं सॉफ्टवेअर तो किंचित पळवतं. ऐकणाऱ्याला वाटतं, पोरगी घाई करतेय. शिष्याच्या खोलीत ठेका चालू असेल तर निवाडा तिथल्या तिथे होतो. तबलाही तिच्याबरोबर पळाला तर दोष नेटचा. तबला जागेवर राहिला आणि ती पुढे गेली, तर मात्र तिला थांबवायलाच हवं.

सुराचा प्रश्न वेगळा आहे. शिष्याच्या घरची पेटी आणि फोनवरचा तानपुरा दोन्ही ‘काळी एक’ म्हणवतात, पण जुनी पेटी थोडी चढी किंवा उतरी असते. दोन्हींचा षड्ज एकत्र धरला आणि आवाजात ‘वाँव वाँव’ अशी लाट आली, की स्वर जुळत नाहीत. चांगल्या तानपुरा-ॲपमध्ये स्वर बारीक हलवायची सोय असते. ती लाट संथ होत विरून जाईपर्यंत तानपुरा पेटीला लावून घ्यायचा, पेटी तानपुऱ्याला लावायच्या नादी लागायचं नाही.

नव्या शिक्षकाला सर्वांत जास्त चकवतो तो गडप होणारा आवाज. तुम्ही पेटीवर सा धरून ठेवता, शिष्याला तो चार-पाच सेकंद ऐकू येतो आणि मग क्षीण होत जातो. पेटी ठणठणीत असते. व्हिडिओ कॉलची सॉफ्टवेअरं बोलण्यासाठी बनवली आहेत. एकसारखा चालणारा आवाज म्हणजे पंखा, असं समजून ती तो पुसून टाकतात. म्हणजे तानपुरा, पेटीचा लांब स्वर आणि कसलेला खर्ज हे तिन्ही त्यांच्या लेखी पंखेच! झूममध्ये यासाठी ऑडिओच्या सेटिंगमध्ये Original sound for musicians हा पर्याय आहे. तो निवडल्यावर कॉल सुरू असतानाही पडद्यावर वरच्या बाजूला Original sound चालू केलेलं हवं, नाहीतर निवड कागदावरच राहते. हे शिष्याच्या बाजूलाही करावं लागतं. तिथेच Echo cancellation आहे. ते बंद केलं तर स्वर जास्त मोकळा येतो, पण मग दोघांनीही इअरफोन घालायलाच हवेत, नाहीतर तुमचाच आवाज शिष्याच्या स्पीकरमधून फिरून तुमच्याकडे येतो.

इअरफोन वायरचाच हवा. ब्लूटूथमुळे आणखी शंभर-दोनशे मिलिसेकंदांची भर पडते. शिवाय त्याच ब्लूटूथचा माइक वापरला की बऱ्याच फोनवर आवाज जुन्या टेलिफोनसारखा चेपतो आणि मींड, गमक ऐकूच येत नाहीत. खर्चाचा क्रम माझ्या मते असा: आधी वायरचा इअरफोन, मग राउटरपासून लॅपटॉपपर्यंत केबल, आणि माइक सर्वांत शेवटी. वायफायवर आवाज कधी लवकर, कधी उशिरा पोहोचतो. हे खालीवर होणं सलग उशिरापेक्षा वाईट. लोक उलट्या क्रमाने जातात, कारण माइक दिसतो आणि केबल दिसत नाही.

माइक घ्यायचाच तर संगणकाला थेट जोडता येईल असा साधा यूएसबी माइक गाण्याच्या वर्गाला पुरतो. तो एकाच बाजूने ऐकणारा असावा. त्याचं तोंड गायकाकडे, ओठांपासून फूटभर अंतरावर, आणि पाठ पेटीकडे. पेटी गळ्याला सहज झाकून टाकते, म्हणून माइक मधोमध ठेवण्यात अर्थ नसतो. आवाजाची पातळी बोलून ठरवू नका. तारसप्तकातली सर्वांत जोरकस तान घ्या आणि तेव्हाही पट्टी लाल होणार नाही इतकी पातळी ठेवा.

पेटीचा वर्ग असेल तर माइकपेक्षा कॅमेरा महत्त्वाचा. समोर ठेवलेल्या फोनला दिसतो भाता आणि शिष्याचा चेहरा, बोटं भात्याआड राहतात. डाव्या खांद्याच्या वरून, पट्ट्यांवर तिरका बघणारा फोन ठेवला की अंगठा खालून कधी जातो ते नीट दिसतं. पेटीच्या साथीचा सराव मात्र थेट कॉलवर करून घेऊ नये. शिक्षकांनी पेटीशिवाय गाऊन ध्वनिमुद्रण पाठवावं आणि शिष्याने त्यावर साथ वाजवून मुद्रित करावी.

आता बॅचकडे. उशिराचं हे गणित कळलं की बॅच कशी बांधायची तेही ठरतं. चार जणांची बॅच असेल तर शिक्षक गातात तेव्हा चौघेही माइक बंद करून मागोमाग म्हणू शकतात. प्रत्येकाला सरांचा आवाज उशिरा पोहोचतो खरा, पण त्याच्या कानात तो त्याच्या गळ्याशी जुळलेलाच असतो. त्यासाठी चौघांची पट्टी एक हवी. वयावरून किंवा मैत्रीवरून केलेली बॅच इथे फसते, काळी पाचची मुलगी आणि काळी एकचा गृहस्थ एका तानपुऱ्यावर बसत नाहीत. तासाच्या वर्गात वीस मिनिटं असं मागोमाग गाणं, मग प्रत्येकी आठ मिनिटं एकेकट्याने आपल्या तबल्यावर, आणि उरलेला वेळ पुढच्या पाठाला. चारच्या वर माणसं घेतली की ती आठ मिनिटं आटतात. मग आपला नंबर क्वचितच लागतो, असं वाटून माणूस महिन्या-दोन महिन्यांत गळतो.

गळतीचं दुसरं कारण घड्याळ. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळं तासभर पुढे जातात, नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे येतात. न्यू जर्सीतला शनिवारी सकाळी आठचा वर्ग उन्हाळ्यात आपल्याकडे संध्याकाळी साडेपाचला असतो, हिवाळ्यात साडेसहाला. साडेसहाला तुमची पुण्याची बॅच असेल तर नोव्हेंबरात दोन्ही एकमेकींवर आदळणार. ब्रिटनची घड्याळं वेगळ्या रविवारी बदलतात, दुबईची बदलतच नाहीत. म्हणून प्रवेश देतानाच लिहून कळवावं की वर्ग कोणत्या घड्याळाने चालेल. परदेशी बॅचपुढचा एक तास मोकळा ठेवणं सर्वांत सोयीचं.

आणि काहीतरी ठरलेलं टोक लागतं. अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाच्या परीक्षा वर्षातून दोनदा होतात, साधारण एप्रिल-मे आणि नोव्हेंबर-डिसेंबरच्या सुमारास. प्रारंभिक, मग प्रवेशिका अशा पायऱ्या असल्याने चौघे एकाच परीक्षेला बसणार असतील तर बॅच मध्येच फुटत नाही. दर आठवड्याला तबल्यासकट दोन मिनिटांचं ध्वनिमुद्रण मागवा, ते वर्गाआधी ऐका. लयीचा खरा हिशेब त्यातच कळतो, कारण त्यात नेट नसतं. मात्र परीक्षेत समोर हाडामांसाचा तबलजी बसलेला असतो. तो ॲपसारखा यंत्रवत चालत नाही आणि तुम्ही चुकलात तर सांभाळूनही घेतो. फक्त ॲपवर वाढलेला विद्यार्थी तिथे बावरतो. त्याला परीक्षेच्या महिनाभर आधी गावातल्या एखाद्या तबलजीकडे चार-पाच बैठकांना पाठवावं, आणि त्या बैठकींचे पैसे वेगळे पडतील हे पालकांना प्रवेशाच्या वेळीच सांगून ठेवावं.