कोष्टकातील लहान ओळ

संगणकावरील नवा खेळ बाजारात येण्याच्या काही महिने आधी त्याची जाहिरात येते आणि तिच्यामागोमाग एक छोटेसे कोष्टक येते. खेळासाठी किमान कोणता संगणक हवा आणि शिफारस कोणत्याची आहे, हे त्यात दिलेले असते. पुष्कळजण त्यातले ग्राफिक्स कार्डाचे नाव आपल्या कार्डाशी ताडून पाहतात आणि आगाऊ पैसे भरून मोकळे होतात, किंवा नवे कार्ड विकत घेतात. वस्तुतः खरी माहिती असते ती कोष्टकाच्या तळाशी असलेल्या लहान ओळीत. एका उदाहरणाने हे पाहू.

कॅपकॉम ह्या जपानी कंपनीचा 'मॉन्स्टर हंटर वाइल्ड्स' हा खेळ २८ फेब्रुवारी २०२५ रोजी आला. त्याचे कोष्टक सप्टेंबर २०२४ मध्येच जाहीर झाले होते. शिफारशीच्या रकान्यात आरटीएक्स २०७० सुपर हे कार्ड होते आणि खाली लिहिले होते : १०८० रेषांचे चित्र, सेकंदाला ६० फ्रेम, 'फ्रेम जनरेशन' चालू ठेवून. हे शेवटचे शब्द महत्त्वाचे. फ्रेम जनरेशन म्हणजे खेळाने खरोखर काढलेल्या दोन चित्रांच्या मध्ये कार्डाने एक अंदाजी चित्र भरणे. म्हणजे ६० पैकी खरी चित्रे सुमारे ३०च. डोळ्यांना हालचाल गुळगुळीत दिसते, पण हाताने दिलेला हुकूम खऱ्या चित्रातच उमटतो. त्यामुळे खेळाचा प्रतिसाद ३० फ्रेमांचाच राहतो. ही सोय वापरण्यापूर्वी मूळचा वेग निदान ६० असावा, असा सल्ला एएमडी ही कार्डे बनवणारी कंपनीच देते.

किमान रकान्यातही अशीच मेख होती. तेथे १०८० रेषांचे चित्र ७२० रेषांवरून वाढवलेले होते. गुणाकार केला तर १९२० × १०८० म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके आणि १२८० × ७२० म्हणजे सुमारे ९.२ लाख. कार्ड प्रत्यक्षात निम्म्याहूनही कमी ठिपके काढणार आणि तेही सेकंदाला ३० वेळाच.

आता इंजिनाकडे वळू. खेळ ज्या पायाभूत कार्यप्रणालीवर रचतात तिला इंजिन म्हणतात. वाइल्ड्सचे इंजिन म्हणजे कॅपकॉमचे आरई इंजिन. ह्याच इंजिनावरचा 'डेव्हिल मे क्राय ५' (२०१९) साध्या संगणकांवरही सुरेख चालत असे, म्हणून वाइल्ड्सही तसाच चालेल, असे कोणालाही वाटावे. परंतु इंजिन एकच असले तरी रिकामी गाडी आणि भरलेली गाडी घाट सारखा चढत नाहीत. त्या खेळात बंदिस्त जागा आणि मोजकी पात्रे होती. वाइल्ड्समध्ये मोकळी माळराने, जनावरांचे कळप आणि बदलते हवामान. त्याची तुलना करायची ती मार्च २०२४ मध्ये आलेल्या 'ड्रॅगन्स डॉग्मा २'शी. इंजिन तेच आणि जगही खुले. त्यात शहरात शिरले की वेग घसरे. प्रत्येक पात्राच्या हिशेबात प्रोसेसरचा बराच भाग खर्ची पडतो, असे कारण कॅपकॉमनेच दिले होते.

अशा जवळच्या खेळावर आपल्या संगणकाची परीक्षा करता येते. समजा, त्या शहरात आपल्याला १०८० रेषांवर ३५ फ्रेम मिळाल्या. आता चित्र ७२० रेषांवर आणावे. फ्रेम वाढल्या तर अडचण कार्डाची. त्या ३५च राहिल्या तर प्रोसेसर अडला आहे आणि नवे महागडे कार्ड घेऊन काहीही पदरात पडणार नाही. मग वाइल्ड्समध्येही गर्दीच्या जागी साधारण ३० ते ४० फ्रेम धराव्यात. ह्याहून नेमका आकडा सांगता येत नाही.

पुढे फेब्रुवारी २०२५ मध्ये कॅपकॉमने सुधारित कोष्टक आणि विनामूल्य चाचणी-कार्यक्रम दिला. शिफारशीचे कार्ड आरटीएक्स २०६० सुपरपर्यंत खाली आले, पण फ्रेम जनरेशनची अट कायम राहिली. नाव बदलले, लहान ओळ बदलली नाही. खेळ आल्यावर वेगाविषयी तक्रारींचा पाऊस पडला. अशा चाचणीतही सरासरीवर विसंबू नये. नुसत्या पाहण्याच्या प्रसंगांत वेग चढतो आणि सरासरी फुगते. गवताळ माळावर आणि तळावर वेग कितीपर्यंत उतरतो, ते पाहावे.

ह्या पद्धतीलाही मर्यादा आहेत. नवे दृश्य प्रथमच समोर येताना बसणारे क्षणिक झटके कोष्टकात दिसत नाहीत आणि नंतरच्या दुरुस्त्यांनी वेग सुधारूही शकतो. अंदाजाचा उपयोग एवढाच, की आपण पैसे ३० फ्रेमांसाठी मोजतो आहोत की ६०, हे पैसे देण्यापूर्वी कळते.