फोटो गेला, उत्तर उरलं

समजा, सोलापूरला राहणाऱ्या सत्तरीतल्या एक आजी आहेत. मुलगा न्यू जर्सीत, डॉक्टर झालेली नात पुण्यात, आणि तिघांचा मिळून व्हॉट्सॲपवर एक घरचा ग्रुप आहे. औषधाच्या पट्टीचा फोटो काढायचा आणि ग्रुपवर विचारायचं, ही आजींची सवय. एका संध्याकाळी पावणेआठच्या सुमारास त्यांनी कोलेस्टेरॉलच्या गोळ्यांच्या पट्टीचा फोटो टाकला आणि खाली लिहिलं, 'ही कधी घ्यायची?' नात उत्तर लिहू लागली. इकडे आजींना वाटलं, फोटो हललाय. त्यांनी तो सगळ्यांच्या फोनवरून पुसला आणि दुसरा काढून पाठवला. या वेळी घाईत हाताला आली ती ग्लिमेपिराइडची पट्टी, म्हणजे रक्तातली साखर उतरवणारी गोळी. त्यानंतर काही सेकंदांत नातीचं उत्तर येऊन पडलं, 'हीच. रात्री जेवणानंतर एक.'

आता ग्रुप उघडणाऱ्याला काय दिसतं? वर 'This message was deleted' अशी ओळ, तिच्याखाली साखरेच्या गोळीचा फोटो आणि त्याखाली डॉक्टरांचं स्पष्ट उत्तर. न्यू जर्सीत त्या वेळी सकाळ असते. मुलगा चहा घेता घेता हे वाचतो आणि फोन करून सांगतो, 'आई, लिहिलंय ना तिनं, रात्री एक.' ग्लिमेपिराइड साधारणपणे सकाळच्या न्याहारीबरोबर किंवा दिवसाच्या पहिल्या मोठ्या जेवणाबरोबर देतात. सकाळची गोळी झालेली असताना रात्री आणखी एक घेतली, तर झोपेत साखर खाली जाऊ शकते, आणि झोपलेल्या माणसाला घाम, थरथर ही लक्षणं वेळेवर कळतीलच असं नाही. यात कुणीही निष्काळजीपणा केलेला नाही. नातीचं उत्तर पहिल्या फोटोसाठी अगदी बरोबर होतं. पण तो फोटो आता तिथे नव्हता.

फोटो आणि त्यावरचं उत्तर हे व्हॉट्सॲपच्या दृष्टीनं दोन स्वतंत्र संदेश आहेत. ज्याचा संदेश त्यानं पुसला की तो एकटाच जातो. दुसऱ्यानं लिहिलेल्या उत्तराला त्याचा धक्काही लागत नाही. नातीनं उत्तर नुसतं टाइप करून पाठवलं असेल, तर त्याचं त्या फोटोशी असलेलं नातं फक्त जागेचं आणि वेळेचं. फोटोखाली ते दिसतं म्हणून आपण ते त्या फोटोचं मानतो. मधला फोटो काढला, नवा आला, की तेच उत्तर नव्या फोटोचं दिसायला लागतं. नेटवर्क कमकुवत असेल तर हा घोळ फोटो न पुसताही होतो. लिहिलेलं उत्तर फोनमध्ये अडकून राहतं, मागाहून जातं आणि भलत्याच संदेशाखाली जाऊन बसतं.

नातीनं तोच संदेश बोटानं उजवीकडे सरकवून, म्हणजे मूळ संदेश जोडून उत्तर दिलं असतं, तर गोष्ट वेगळी झाली असती. अशा उत्तराच्या डोक्यावर एक छोटी चौकट येते. तिच्यात मूळ संदेश कुणाचा हे नाव, त्याचा मजकूर आणि फोटो असेल तर त्याची बारीकशी प्रतिमा दिसते. ही चौकट मूळ संदेशाकडे उघडणारी खिडकी आहे असं वाटतं खरं, पण उत्तर देणाऱ्याचा फोन त्या क्षणी मजकुराची आणि छोट्या प्रतिमेची नक्कल करून ती आपल्या संदेशात घालतो. म्हणून मूळ फोटो पुसला तरी चौकटीतली नक्कल बहुतेकदा तशीच राहते. ठरावीक काळानं आपोआप नाहीसे होणारे संदेश चालू असतील, तिथेही व्हॉट्सॲप आपल्या मदतपानावर हेच सांगतं, की अशा संदेशाला दिलेल्या उत्तरातला जोडलेला मजकूर मुदत संपल्यावरही उरू शकतो.

म्हणून कुठल्याही अनाथ उत्तरावर पहिली नजर टाकायची ती त्याच्या डोक्यावर. चौकट असेल तर ती नीट वाचायची आणि तिच्यावर बोट ठेवायचं. मूळ संदेश शिल्लक असेल तर गप्पा सरकत तिथपर्यंत जातात. तो नसेल तर पोहोचायला जागाच नसते, पण चौकटीतली प्रतिमा गोळीच्या पट्टीचा रंग ओळखण्याइतकी तरी असते. पट्टीवरची अक्षरं मात्र तिच्यात वाचता येत नाहीत. दोन पांढऱ्या पट्ट्यांमधला फरक तिच्यावरून ठरवू नये.

चौकट नसेल तर फोटो कसा नाहीसा झाला हे पाहायचं, कारण उपाय त्यावर अवलंबून आहे. 'This message was deleted' अशी ओळ असेल, तर पाठवणाऱ्यानं किंवा ग्रुपच्या ॲडमिननं तो सगळ्यांसाठी काढला आहे. ॲडमिननं काढला असेल तर ओळीत तसं लिहिलेलं असतं. हा फोटो दुसऱ्यांच्या गप्पांमध्ये शोधण्यात अर्थ नाही. पाठवणाऱ्याकडेच तो पुन्हा मागायचा. आजींनी फोटो आधी फोनच्या कॅमेऱ्यानं काढून मग पाठवला असेल, तर तो त्यांच्या गॅलरीत बहुधा अजून असतो.

अशी ओळही नाही, फोटोही नाही, नुसतं उत्तर आहे, असं असेल तर संशय आधी आपल्याच फोनवर घ्यावा. कधीतरी जागा मोकळी करताना आपण 'Delete for me' केलेलं असतं. तसं केलं तर फोटो फक्त आपल्याकडून जातो, बाकीच्यांकडे तो जागच्या जागी असतो. त्यांच्यापैकी कुणालाही तो पुढे पाठवायला सांगितलं की काम झालं. ग्रुपमध्ये आपण नंतर आलो असलो तरी असंच दिसतं, कारण आपल्या आधीचे संदेश सहसा आपल्याकडे येतच नाहीत, पण त्यांना उद्देशून नंतर दिलेली उत्तरं येतात.

तिसरा प्रकार म्हणजे फोटोची चौकट जागेवर आहे, धूसर दिसते, पण उघडत नाही. इथे संदेश शाबूत आहे, फाइल गेली आहे. अँड्रॉइड फोनवर गॅलरी साफ करताना हे फार होतं, कारण व्हॉट्सॲपचे फोटो गॅलरीतही दिसतात आणि तिथून पुसले की ते मुळातूनच जातात. गॅलरीच्या कचरापेटीत पाहावं. बऱ्याच फोनमध्ये पुसलेले फोटो काही दिवस तिथे राहतात. नाही सापडला तर तो पुन्हा मागवावा. बॅकअप परत आणून फोटो मिळवायचा मोह होतो, पण त्यासाठी ॲप काढून नव्यानं टाकावं लागतं आणि बॅकअपनंतरचे संदेश हातचे जाऊ शकतात. एका फोटोसाठी हा धोका मला पटत नाही.

एवढं करूनही फोटो हाती लागला नाही, तर ते उत्तर कशाचं होतं याचा अंदाज बांधू नये. औषध, पैसे, पत्ता, परीक्षेची तारीख, यांतलं काहीही असेल तर उत्तर देणाऱ्यालाच विचारावं. तेही 'वरचं तू म्हणतेस ते कशाबद्दल?' असं मोघम विचारू नये. वस्तूचं नाव घालून विचारावं. मुलानं ग्रुपवर लिहायला हवं होतं ते असं: 'रात्रीची गोळी म्हणजे कोणती? पट्टीवरचं नाव लिही.' नात लिहील, 'अॅटोरवास्टॅटिन, कोलेस्टेरॉलची. ग्लिमेपिराइड सकाळीच, रात्री नको.' या उत्तराला फोटो असला काय, नसला काय, फरक पडत नाही.

मला सगळ्यात महत्त्वाचं वाटतं ते उत्तर देणाऱ्याचं काम, आणि तेच बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. आपण ज्या फोटोला उत्तर दिलं तो पुसला गेलेला दिसला की आपलं उत्तर पुन्हा वाचून पाहावं. 'हीच', 'हो', 'चालेल', 'दुसरी' असं काही असेल तर ते आता लटकलेलं आहे. पाठवून पंधरा मिनिटं झाली नसतील तर ते दुरुस्त करून त्यात नाव घालता येतं. त्यानंतर साधारण दोन दिवसांपर्यंत 'Delete for everyone' करता येतं. पण नुसतं पुसून थांबू नये, कारण कुणीतरी ते आधीच वाचलेलं असतं. पुसावं आणि लगेच पूर्ण वाक्यात नवं उत्तर लिहावं. दोन दिवस उलटून गेले असतील तर जुन्या उत्तराला जोडूनच खुलासा लिहावा, म्हणजे जुनं वाचणाऱ्याला नवंही सापडेल.

आता याची उलट बाजू. कधी फोटो पुसणाऱ्यालाच तो कुठेच राहू नये असं वाटत असतं. सोसायटीच्या ग्रुपवर चुकून आधार कार्डाचा फोटो गेला, पाठवणाऱ्यानं मिनिटभरात पुसला, पण तेवढ्या वेळात शेजाऱ्यांनी त्यालाच जोडून लिहिलं, 'काका, हे चुकून आलंय.' शेजाऱ्यांचा हेतू चांगला, पण त्यांच्या उत्तराच्या चौकटीत कार्डाची छोटी प्रतिमा राहिली. तिच्यात बारा अंक सहसा वाचता येत नाहीत. मात्र फोटोखाली ओळ लिहिली असेल, त्यात नंबर किंवा पत्ता असेल, तर तो मजकूर वाचता येतो. पाठवणाऱ्याला दुसऱ्याचं उत्तर पुसता येत नाही. ते पुसू शकतात शेजारी स्वतः, किंवा ग्रुपचा ॲडमिन. त्यामुळे फोटो पुसल्यावर खाली सरकत त्याला जोडलेली सगळी उत्तरं पाहावीत आणि त्या प्रत्येकाला वेगळा निरोप धाडून ती काढायची विनंती करावी. ग्रुपवर विनंती केली तर न पाहिलेल्यांचंही लक्ष तिकडे जातं. आणि दुसऱ्याचा चुकलेला फोटो दिसला, तर तो जोडून ग्रुपवर न लिहिता त्याला थेट फोन करावा. शिवाय आयफोन वापरणाऱ्यांच्या फोटोसंग्रहात तो आधीच साठवला गेला असेल, तर गप्पांमधून पुसल्यानं तिथून जात नाही.

कधी भांडण किंवा व्यवहार मिटवण्यासाठी अशा गप्पांची नोंद ठेवावी लागते. 'Export chat' केलं की हाती येणाऱ्या मजकुराच्या फाइलमध्ये तारीख, वेळ, नाव आणि संदेश असतो, पण उत्तर कशाला जोडलेलं होतं ती चौकट येत नाही. पुसलेल्या फोटोच्या जागी फक्त तो पुसल्याची नोंद असते. त्यामुळे स्क्रीनवर ओळखू येणारं नातंही तिथे तुटतं. फाइलच्या जोडीला स्क्रीनशॉट घ्यावा, आणि त्यात उत्तराची चौकट, वेळ, वरची तारखेची पट्टी आणि आधीचा-नंतरचा एकेक संदेश आला आहे ना, हे घेतानाच तपासावं.