बाबा आयसीयूत आहेत, हे दादाला कसं सांगायचं?

उन्हाळ्यातल्या एका सकाळी पुण्यात बाबांच्या छातीत दुखू लागतं. साडेसातला त्यांना अ‍ॅडमिट केलं जातं. न्यू जर्सीतल्या मुलाकडे तेव्हा आदल्या रात्रीचे दहा वाजलेले असतात. अशा वेळी बहुतेक घरांतून निरोप जातो, "बाबांना जरा बरं नाही, फोन कर. काळजी करू नकोस." काय झालंय तेच न कळल्यामुळे माणूस सर्वांत वाईट तेच धरून चालतो. काळजी वाढते ती या अर्धवट निरोपाने.

पहिल्या निरोपात चार गोष्टी हव्यात: काय झालं, आत्ता कसे आहेत, पुढे काय होणार आणि मी पुन्हा कधी कळवणार. बहिणीने असं सांगावं: "दादा, पहाटे बाबांच्या छातीत दुखलं. ईसीजीत हार्ट अटॅक दिसला. ते शुद्धीवर आहेत, बोलतायत. आत्ता अँजिओग्राफीला नेलंय. ब्लॉकेज असेल तर लगेच अँजिओप्लास्टी करतील. मी इथेच आहे. तुझ्याकडे बारा वाजता फोन करते, नवीन काही नसलं तरी."

वहिनी अमेरिकन असेल तर तिला इंग्रजीतही हेच कळवावं: "बाबा हॅड अ हार्ट अटॅक धिस मॉर्निंग. ही इज अवेक अँड टॉकिंग. दे आर डुइंग अ‍ॅन अँजिओग्राम नाऊ. आय विल कॉल अ‍ॅट मिडनाइट युअर टाइम." मराठीत "छोटासा अटॅक" आणि इंग्रजीत "व्हेरी सीरियस" असं झालं, तर नवरा-बायकोच्या हाती दोन वेगळ्या बातम्या पडतात.

स्टेंट बसवल्यावर बाबांना आयसीयूत ठेवतात. त्या शब्दानेच घाबरायला होतं, म्हणून कारणही जोडावं: "हृदयाचे ठोके अनियमित होतात का, ते बघायला एक-दोन दिवस तिथे ठेवतात." "स्टेबल" म्हणजे नाडी, रक्तदाब सध्या स्थिर आहेत, एवढंच. "धोका टळला" हे डॉक्टरांनी म्हटलं असेल तरच सांगावं.

मग दादा विचारतोच, "मी निघू का?" याचं उत्तर आपल्या अंदाजाने देऊ नये. डॉक्टरांना सरळ विचारावं, "मुलगा अमेरिकेत आहे, त्याला बोलावू का?" आणि त्यांचे शब्द जसेच्या तसे कळवावेत. शक्य असेल तर डॉक्टरांशी त्याचं फोनवर बोलणंही करून द्यावं.

निरोप एकानेच द्यावा. दादाशी बोलणं होण्याआधी आत्याने फॅमिली ग्रुपवर नळ्या लावलेल्या बाबांचा फोटो टाकला, तर हे सगळं वाया जातं. म्हणून घरात आजच ठरवून ठेवा: अशी वेळ आली तर परदेशी फोन कोण करणार, आणि तोपर्यंत ग्रुपवर कोणीही काही लिहिणार नाही.