कालव्यातील गाळ आणि समतोल छेदाची निवड : माकणीच्या संदर्भात काही विचार

कालव्यात गाळ साचतो तो पाण्यात गाळ आहे एवढ्याच कारणाने नव्हे. पाण्याबरोबर येणारा गाळ जितका आहे तितकाच पुढे वाहून नेण्याची शक्ती त्या प्रवाहात उरलेली नाही, म्हणून तो साचतो. ही शक्ती प्रवाहाचा वेग, खोली व तळउतार यांच्या परस्परसंबंधावर अवलंबून असते. हा संबंध ज्या कालव्यात जुळून येतो, त्याचा तळ वर्षानुवर्षे साधारणपणे एकाच पातळीवर राहतो, एका मोसमात थोडा भरला तरी दुसऱ्या मोसमात तितकाच खरवडला जातो. अशा स्थितीला स्थापत्यशास्त्रात ‘रेजिम’ अथवा समतोलावस्था म्हणतात. तिच्या आधारे कालव्याचा छेद ठरविण्याच्या पद्धतीचे सामर्थ्य व मर्यादा पाहण्यासाठी धाराशिव जिल्ह्यातील लोहारा तालुक्याचा प्रदेश सोयीचा आहे. तेथे माकणी गावाजवळ तेरणा नदीवर निम्न तेरणा धरण आहे, आणि त्याखालील लाभक्षेत्र बहुतांशी काळ्या जमिनीचे आहे. समतोल कालव्याचे सिद्धांत मात्र निराळ्याच भूमीत जन्माला आले.

१८९५ साली केनेडी यांनी पंजाबातील वरच्या बारी दुआब कालव्यावर, जेथे अनेक वर्षे गाळ काढावा लागला नव्हता अशा जागा निवडून, तेथील वेग व खोली मोजली. त्यांना आढळले की प्रत्येक खोलीला एक विशिष्ट वेग असतो. त्याहून कमी वेगाने गाळ बसतो, अधिक वेगाने तळ खरवडतो. या क्रांतिक वेगाचे सूत्र मेट्रिक मापांत V₀ = 0.55 D^0.64 असे येते. त्यात एक उणीव राहिली. खोली आणि वेग यांचे नाते मिळाले, पण कालवा किती रुंद असावा व त्याला उतार किती द्यावा हे त्यातून निघत नव्हते. ही उणीव लेसी यांनी १९२९-३० च्या सुमारास भरून काढली. त्यांच्या मते ठराविक विसर्ग व ठराविक जातीचा गाळ असला की कालव्याची रुंदी, खोली व उतार या तिन्ही गोष्टी निसर्गच ठरवितो. अभियंत्याने त्या ओळखून घ्यावयाच्या असतात. गाळाची जात ते f या गाळांकाने दाखवितात. कणांचा सरासरी व्यास m मिलिमीटरमध्ये घेतल्यास सूत्रे अशी आहेत :

f = 1.76 √m
P = 4.75 √Q
V = (Q f² / 140)^(1/6)
S = f^(5/3) / (3340 Q^(1/6))

येथे Q हा विसर्ग घनमीटर दर सेकंदास, P ही ओल्या परिघाची लांबी मीटरमध्ये, V हा वेग मीटर दर सेकंदास आणि S हा तळउतार होय.

सूत्रांचा अर्थ एका उदाहरणाने अधिक स्पष्ट होईल. हे उदाहरण केवळ समजुतीसाठी घेतले आहे. ते कोणत्याही प्रत्यक्ष कालव्याचे मोजमाप नव्हे. दर सेकंदास १० घनमीटर विसर्गाचा एक कालवा घेऊ, आणि त्यात येणाऱ्या वाळूमिश्रित गाळाचा सरासरी व्यास ०.३२ मिलिमीटर मानू. गाळांक जवळजवळ १ येतो. त्यावरून वेग ०.६४ मीटर दर सेकंदास, छेदाचे क्षेत्रफळ १५.५ चौरस मीटर, ओला परिघ १५ मीटर आणि उतार ४९०० मध्ये १ असा निघतो. बाजूंचा ढाळ अर्ध्यास एक धरल्यास तळाची रुंदी सुमारे १२.३ मीटर व पाण्याची खोली १.२ मीटर येते. एवढ्या खोलीस केनेडींचा क्रांतिक वेग ०.६२ भरतो, म्हणजे दोन्ही पद्धती येथे फारशा भिन्न नाहीत.

आता प्रत्यक्ष व्यवहारातील मोह पाहावा. ४९०० मध्ये १ या उताराने दर किलोमीटरला सुमारे २० सेंटिमीटर पातळी खर्च होते. दख्खनच्या उंचसखल भूमीत कालवा समपातळी रेषेच्या जितका जवळ ठेवावा तितकी अधिक जमीन त्याच्या खाली भिजते. म्हणून अभियंता ७००० मध्ये १ असा सौम्य उतार स्वीकारतो आणि दहा किलोमीटरच्या अंतरात ६१ सेंटिमीटर पातळी वाचवितो. नकाशावर काही गावे लाभक्षेत्रात येतात. परंतु लेसींचे उताराचे सूत्र उलट्या दिशेने वापरले तर या सौम्य उतारास ०.८१ हाच गाळांक मानवतो, म्हणजे ०.२१ मिलिमीटर व्यासाचाच गाळ असा कालवा पुढे नेऊ शकतो. ०.३२ मिलिमीटरचा गाळ येत राहिला तर तो मुखाजवळ बसू लागतो आणि तळ वर चढवून स्वतःला हवा तो उतार निर्माण करतो. दहा किलोमीटरवर पक्का प्रपात असून तेथील पातळी बदलू शकत नसेल, तर मुखाशी तळ हळूहळू तेच ६१ सेंटिमीटर वर येईल. वाचविलेली पातळी निसर्ग अशा रीतीने पूर्ण परत घेतो. १.२ मीटर खोलीच्या कालव्यात हा अर्धा छेद झाला. काठांची मोकळी उंची संपते, मुख्य दरवाजातून पूर्ण विसर्ग घेता येत नाही, आणि नव्याने लाभक्षेत्रात घेतलेल्या शेपटाकडील गावांनाच आधी पाणी तुटते.

असा गाळ ओळखण्याची खूण त्याच्या आकारात असते. मुखाशी जाड व खाली निमुळता होत जाणारा पाचरीसारखा थर दिसला, तर उतार गाळाला अपुरा आहे असे समजावे. तो दर वर्षी काढला तरी दर वर्षी परत येतो, कारण दोष उतारात असतो, देखभालीत नसतो.

हे विवेचन गोदावरीच्या नांदूर मधमेश्वर बंधाऱ्यासारख्या ठिकाणी अधिक लागू पडते. तेथील बंधाऱ्यामागचा जलसाठा गाळाने इतका भरला की त्या दलदलीत पक्ष्यांनी वस्ती केली आणि २०२० साली त्या स्थळाला रामसर पाणथळ म्हणून मान्यता मिळाली. बंधाऱ्यामागे साठा उरला नाही की नदीचा गाळ कालव्याच्या मुखापर्यंत येणे स्वाभाविक होते. माकणीची स्थिती याच्या उलट आहे. मोठ्या जलाशयात भरड गाळ आधीच तळाशी बसतो, आणि कालव्यात शिरणारे पाणी केवळ अतिसूक्ष्म चिकणमातीने गढूळ असते. लेसींच्या सिद्धांताचे गृहीत असे की कालवा ज्या सुट्या कणांच्या गाळातून वाहतो तोच गाळ पाण्यातूनही वाहत आहे, आणि तळ व काठ दोन्ही त्याच द्रव्याचे आहेत. काळ्या मातीत हे गृहीत टिकत नाही. तिचे कण सुटे नसून चिकटून असतात. काठ वेगाला पुष्कळ सोसतात.

गृहीत सोडून केवळ सूत्र लावले तर काय होते ते पाहण्याजोगे आहे. काळ्या मातीतील कणांचा व्यास ०.०५ मिलिमीटर धरला, तर गाळांक ०.३९ येतो, १० घनमीटर विसर्गास वेग ०.४७ आणि उतार सुमारे २३,५०० मध्ये १ निघतो. गणित बिनचूक आहे, पण असा कालवा बांधणे ही मोठी चूक ठरेल. इतक्या संथ व स्वच्छ पाण्यात तळापर्यंत प्रकाश पोचतो आणि पाणवनस्पती माजतात. गवत नसलेल्या मातीच्या कालव्याचा मॅनिंग खडबडीतपणाचा गुणक सुमारे ०.०२२५ धरतात, गवत माजल्यावर तो ०.०३५ पर्यंत जातो. तेवढाच विसर्ग नेण्यासाठी आधीच्या उदाहरणातील १.२ मीटर खोली मग १.५६ मीटर करावी लागते. गवताने थांबविलेल्या पाण्यात उरलीसुरली चिकणमातीही खाली बसते, आणि त्या थरावर पुन्हा गवत उगवते.

म्हणून येथे वेगाची मर्यादा दोन्ही बाजूंनी बांधून घ्यावी लागते. काळ्या मातीस ०.६ ते ०.९ मीटर दर सेकंदास एवढा वेग सामान्यतः सोसतो, आणि वनस्पती व चिकणमाती यांना आळा घालण्यास ०.६ ते ०.७५ वेग असावा लागतो. या अरुंद पट्ट्यात वेग निवडला की उतार पुन्हा ५००० मध्ये १ च्या आसपासच येतो. आपण लेसींच्या जवळपास त्याच आकड्यांशी पोचलो, पण कारण वेगळे आहे. गाळांक येथे कणांच्या व्यासावरून काढलेला नसून वेगावरून मागे काढलेला आहे, हे विद्यार्थ्यांनी विसरू नये. लेसींच्या गुणकांत गाळाच्या प्रमाणानुसार फरक पडतो, ही गोष्ट पुण्याजवळील खडकवासला येथील संशोधन केंद्रात काम करताना इंग्लिस यांनीही आग्रहाने मांडली होती.

मग माकणीसारख्या ठिकाणी समतोल-पद्धतीचा उपयोग काय? तपासणीसाठी तिचा उपयोग मोठा आहे. चालू कालव्यावर वेग, जलीय त्रिज्या R व उतार मोजावा आणि गाळांक दोन वाटांनी काढावा : एकदा f = 2.5 V²/R यावरून, एकदा f = 290 (R S²)^(1/3) यावरून. समतोल कालव्यात दोन्ही जवळपास सारखे येतात. उतारावरून आलेला आकडा वेगावरून आलेल्या आकड्याहून बराच मोठा असेल, तर उतार पुरेसा असूनही घर्षण वाढल्याने वेग मंदावला आहे, म्हणजे गवत अथवा ढासळलेले काठ हे कारण आहे. तेथे उतार बदलण्याचा खर्च वाया जाईल. शिवाय मुख्य कालव्याकडून चाऱ्यांकडे जाताना वेगाचे क्रांतिक वेगाशी असलेले गुणोत्तर कमी होऊ देऊ नये. ज्या चारीत ते एकाएकी उतरते तिच्या तोंडाशी गाळ साचणारच.

काळ्या मातीच्या कालव्यातील गाळ पुष्कळदा त्याच्याच काठांतून येतो. दोन आवर्तनांच्या मध्यंतरात माती सुकून तिला खोल भेगा पडतात. पुढच्या आवर्तनाचे पाणी भेगांत शिरते, माती फुगते आणि काठाचे लपके तळात घसरतात. २०१५-१६ च्या दुष्काळाप्रमाणे जलाशय आटला की कालवा दीर्घकाळ कोरडा राहतो व हानी वाढते. हा गाळ पाचरीच्या आकाराचा नसतो. खोदाईच्या भागांत व नाले कालव्यात उतरतात त्या जागी तो ठिगळांसारखा आढळतो. मुंबईच्या भारतीय तंत्रविज्ञान संस्थेतील प्रा. कट्टी यांनी सुचविलेला न फुगणाऱ्या चिकट मातीचा थर काठांवर देणे व नाल्यांचे पाणी कालव्याखालून काढणे हे त्यावरचे उपाय होत. छेदाचे कोणतेही सूत्र हे काम करू शकत नाही.

पाणी सोडण्याच्या पद्धतीचाही विचार हवा. १० घनमीटरच्या कालव्यात ५ घनमीटर पाणी सतत चालविले तर खोली ०.७९ मीटर व वेग सुमारे ०.५० राहतो. केनेडींच्या कसोटीला हा वेग अजूनही उतरतो. लेसींच्या कसोटीने मात्र गाळांक ०.८८ पर्यंत घसरतो. या दोहोंत लेसींची कसोटी अधिक कडक आहे आणि येथे तीच मानणे हिताचे, कारण ०.५० हा वेग वनस्पतींना आळा घालणाऱ्या मर्यादेच्या खाली आहे. तेव्हा पाणी कमी असेल त्या वर्षी कालवा अर्धा भरून महिनाभर चालविण्यापेक्षा पूर्ण भरून पंधरा दिवस चालवावा आणि मग बंद ठेवावा. बंद काळात काठ सुकून भेगाळतात ही त्याची किंमत आहे. म्हणून पुढचे आवर्तन सुरू करताना पाणी एकदम न सोडता दोन-तीन दिवसांत क्रमाने चढवावे, आणि बंद करतानाही पातळी सावकाश उतरवावी, म्हणजे भिजलेल्या काठांतील पाण्याला बाहेर पडण्यास अवधी मिळतो.