पानाखालची बेरीज पुसू नका

दिवाणावर उघडी पडलेली वही, त्यात घाईत लिहिलेलं: दूध ६४, मेथी २०, तेल १६५, रिक्षा ९०. खाली बेरीज ३३९.

असं पान उजेडात, वरून सरळ धरून टिपलं की गूगल लेन्समधून मजकूर उचलता येतो. मग गूगल शीट्समध्ये चार रकाने: तारीख, तपशील, गट, रक्कम. गट पाच-सहाच पुरेत. ‘भाजी’ आणि ‘भाजीपाला’ मात्र शीटला दोन वेगळे गट वाटतात, त्यामुळे एकच नाव ठरवावं. महिन्यासाठी स्वतंत्र शीट ठेवली, की किराण्याची बेरीज एका सूत्रात मिळते:

```
=SUMIF(C:C,"किराणा",D:D)
```

रक्कम 165 अशा आकड्यांत लिहावी. देवनागरी आकडा रकान्यात डावीकडे चिकटला, तर शीटने तो मजकूर मानला आहे. तो बेरजेत येणार नाही.

खरी गंमत हस्ताक्षराची. घाईतला १ लेन्सला ९ वाटतो. वरच्या पानावर तेल ९६५ झालं आणि बेरीज ११३९ आली. वहीतल्या ३३९ शी फरक नेमका ८००. फरक ८, ८० किंवा ८०० आला, की आधी १ आणि ९ तपासावेत. म्हणून प्रत्येक पानाची बेरीज वहीतल्या बेरजेशी लगेच ताडावी. महिनाअखेरीस तीस पानांत चूक शोधणं म्हणजे डोकेदुखी.

‘दूध-भाजी १२०’ अशी जोडनोंद मात्र कोणतंही यंत्र फोडू शकत नाही. ती जिने लिहिली, तिलाच विचारावी. शेजारी दिलेले उसने पैसे खर्चात धरू नयेत. ते परत यायचे असतात, निदान कागदावर तरी.