दारू सुटली, मग गोळीचे काय?

रमजानचा चाँद दिसला की दारू सोडायचीच, असा निश्चय करणारी माणसे आपल्या वस्त्यांत नवी नाहीत. मलकापूर असो, खामगाव असो की मेहकर, पहिल्या रोज्याला नवरा किंवा मुलगा प्यालेला नाही याचा घरात आनंद असतो. पण दुसऱ्या-तिसऱ्या रात्री हाच माणूस थरथर कापू लागतो, घामाने भिजतो, भिंतीवर नसलेले किडे दाखवू लागतो. कुणी म्हणते बाहेरची बाधा झाली, कुणी म्हणते नाटक करतोय. खरे म्हणजे हा जिवावरचा आजार असतो. त्यावरचे सर्वांत खात्रीचे औषध ज्या गोळ्यांच्या गटात आहे, त्याच गटातील गोळ्यांची पुढे सवय लागू शकते.

या गटाला बेन्झोडायझेपिन म्हणतात. अल्प्राझोलम, डायझेपाम, लोराझेपाम, क्लोनाझेपाम, क्लोर्डायझेपॉक्साइड ही त्यातली नेहमीची नावे. आपण सर्रास त्यांना ‘झोपेची गोळी’ किंवा ‘टेन्शनची गोळी’ म्हणतो. व्यसन केलेल्या माणसाला अशी गोळी द्यावी की नाही, हा प्रश्न डॉक्टरपुढे रोज येतो. त्याचे उत्तर ‘कधीच नाही’ असेही नाही आणि ‘मागेल तेव्हा’ असेही नाही. डॉक्टर हा हिशोब कसा मांडतात, ते घरच्यांना कळले तर अर्धे अपघात टळतील, असे आम्हाला वाटते.

व्यसनाची गोळी व्यसनमुक्तीत का लागते?

मेंदूत उत्तेजना वाढवणारी एक यंत्रणा असते आणि ती शांत करणारी दुसरी. बैलगाडीला जसा ब्रेक, तशी ही दुसरी यंत्रणा. दारू हा ब्रेक दाबून धरते. वर्षानुवर्षे रोज दारू मिळाली की मेंदू स्वतःचा ब्रेक ढिला करतो आणि उत्तेजना वाढवून ठेवतो, म्हणजे तोल सांभाळला जातो. मग एके दिवशी दारू अचानक बंद झाली की ब्रेक ढिला, उत्तेजना मात्र तशीच राहते आणि गाडी उताराला लागते.

शेवटच्या घोटानंतर साधारण सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, मळमळ, घाम आणि धडधड सुरू होते. पहिल्या दोन दिवसांत झटके येऊ शकतात. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमारास काहींना भ्रम होतो, वेळ-काळाचे भान जाते, ताप येतो. या अवस्थेला डिलिरियम ट्रेमेन्स म्हणतात आणि उपचार न झाल्यास त्यात माणूस दगावू शकतो.

बेन्झोडायझेपिन मेंदूतील त्याच ब्रेकवर काम करतात. दारूने सोडलेली जागा ते काही दिवस धरून ठेवतात आणि मात्रा थोडी थोडी कमी करून मेंदूला सावरायला वेळ देतात. 1969 साली अमेरिकेत 537 रुग्णांवरील एका अभ्यासाचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यात इतर औषधांच्या तुलनेत क्लोर्डायझेपॉक्साइड घेणाऱ्यांना झटके आणि भ्रम खूपच कमी झाले होते. म्हणून ‘आधीच व्यसनी, त्याला आणखी सवयीची गोळी कशाला?’ ही भीती या आठवड्यात लागू पडत नाही. इथे गोळी न देणे हाच मोठा धोका.

एक उदाहरण

खामगावच्या बाजारात हमाली करणारा चाळीस वर्षांचा एक माणूस डोळ्यांपुढे आणू. दहा वर्षांपासून रोज देशीचे तीन पव्वे. मागे एकदा दारू बंद केली तेव्हा झटका आला होता. आता त्याला पुन्हा सोडायची आहे.

डॉक्टर आधी विचारतात: शेवटची कधी घेतली? आधी झटके आले होते का? कावीळ किंवा पोटात पाणी झाले होते का? आणखी कोणती गोळी, गांजा, खोकल्याचे औषध, दुखण्यावरचे ट्रामाडॉल घेतो का? यातील एकेका उत्तराने निर्णय बदलतो. आधी झटका आला असल्याने या माणसाला घरी ठेवण्यापेक्षा रुग्णालयात दाखल करणे बरे. कावीळ असेल तर क्लोर्डायझेपॉक्साइड टाळून लोराझेपाम निवडतात, कारण पहिले औषध खराब यकृतात साचत जाते, दुसरे तितके साचत नाही. ट्रामाडॉल किंवा दुसरे अफूसारखे औषध चालू असेल तर मात्रा फार जपून, कारण ही औषधे एकत्र आली की श्वास मंदावतो.

यकृत ठीक आहे असे धरू. पहिले दोन दिवस क्लोर्डायझेपॉक्साइड 25 मिलिग्रॅम दिवसातून चार वेळा, म्हणजे एकूण 100. तिसऱ्या दिवशी 75, चौथ्या दिवशी 50, पाचव्या दिवशी 25, सहाव्या दिवशी रात्री फक्त 10 आणि सातव्या दिवशी बंद. हा केवळ नमुना आहे. प्रत्यक्षात थरथर, घाम, नाडी आणि बेचैनी पाहून डॉक्टर मात्रा वाढवतात किंवा घटवतात. काहींना सुरुवातीला याहून बरीच जास्त लागते. घरी हा हिशोब लावून गोळी देऊ नये.

सोबत थायमिन, म्हणजे बी-1 जीवनसत्त्वाचे इंजेक्शन देतात. दारू पिणाऱ्याच्या शरीरात हे जीवनसत्त्व आटलेले असते आणि ते न देता आधी ग्लुकोजचे सलाईन लावले तर मेंदूला कायमची इजा होऊ शकते. ‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा’ असे जवळच्या दवाखान्यात सांगताना, हा माणूस रोज दारू पीत होता, हे वाक्य सांगायला विसरू नये. लाजेपोटी ते लपवले जाते आणि तिथेच घात होतो.

दिवसातून चार वेळा औषध असताना रोजा ठेवता येत नाही. आजारी माणसाला रोजे पुढे ढकलण्याची मुभा आहेच. म्हणून ज्याला रमजानमध्ये पाक राहायचे आहे, त्याने चाँदरातीला अचानक थांबण्याऐवजी शाबानमध्येच डॉक्टरांकडे जावे.

सातव्या दिवसाचा प्रश्न

आता खरी कसोटी. आठवडा संपला, झटके आले नाहीत, पण माणूस म्हणतो, “डॉक्टरसाहेब, झोप येत नाही, छाती धडधडते. ती गोळी छान होती, अजून महिनाभर द्या.” घरचेही तेच म्हणतात, कारण गोळी घेतली की तो शांत असतो.

इथे डॉक्टरचा तराजू उलटा झुकतो. पहिल्या आठवड्यात गोळी जीव वाचवत होती. आता ती फक्त आराम देणार आणि त्याची किंमत मोठी. रोज घेतलेल्या या गोळ्यांची सवय काही आठवड्यांत लागू शकते, आणि ज्याच्या मेंदूने एकदा दारूची सवय लावून घेतली त्याला हा धोका अधिक. त्यात तो पुन्हा प्याला तर दारू आणि गोळी मिळून श्वास थांबवू शकतात.

शिवाय दारू सोडल्यानंतरची बेचैनी अनेकांत दोन ते चार आठवड्यांत आपोआप उतरते. म्हणून अनुभवी डॉक्टर लगेच चिंतेच्या आजाराचा शिक्का मारत नाहीत, थोडे थांबतात. महिन्यानंतरही भीती, धडधड, झोपमोड कायम असेल तर तो वेगळा आजार समजून एस्सिटालोप्राम किंवा सर्ट्रालिन यांसारखे औषध आणि समुपदेशन सुरू करतात. या औषधांचा गुण यायला दोन ते चार आठवडे किंवा त्याहून अधिक लागतात, पण त्यांची नशा होत नाही.

पण फक्त ‘नाही’ म्हणून रुग्णाला परत पाठवणे हेही बरोबर नाही. असह्य घबराट घेऊन घरी गेलेला माणूस बहुधा पुन्हा बाटलीकडेच वळतो. त्यामुळे क्वचित काही रुग्णांना ही गोळी थोडे दिवस द्यावीही लागते. तेव्हा डॉक्टर लवकर चढून लवकर उतरणारे अल्प्राझोलम टाळतात, कारण झटपट मिळणारा आराम मेंदूला पटकन आवडतो आणि उतरताच पुन्हा हवासा वाटतो. गोळ्या एकावेळी आठवड्याच्याच देतात, पाकीट अम्मी किंवा बायकोच्या हाती ठेवतात आणि चिठ्ठी एकाच डॉक्टरची चालते. बंद करण्याची तारीख पहिल्याच दिवशी लिहून ठेवणे हा या सगळ्यातला सर्वांत उपयोगी नियम.

सवय लागलेलीच असेल तर

मालेगावात ‘कुत्ता गोली’ या नावाने जी गोळी पोरांच्या हाती पडली, ती बहुतेक हीच अल्प्राझोलम. बुलढाण्यातील घरांनीही हे नाव ऐकून ठेवावे. ओळख अशी: बोलणे अडखळते, चाल डगमगते, कालचे आज आठवत नाही, पण तोंडाला दारूचा वास नसतो.

मुलाच्या खिशात पाकीट सापडले की बाप संतापाने ते नालीत फेकतो आणि मुलाला खोलीत कोंडतो. त्यामागची तळमळ आम्ही समजू शकतो, पण रोजची गोळी एकदम बंद झाली तर दारूसारखेच झटके येतात. इथे उपाय उलटा: गोळी आज बंद करायची नाही, डॉक्टरांच्या हाताने हळूहळू उतरवायची. बऱ्याचदा ती दीर्घकाळ टिकणाऱ्या डायझेपाममध्ये बदलतात. अल्प्राझोलमचे अर्धा मिलिग्रॅम म्हणजे डायझेपामचे अंदाजे 10 मिलिग्रॅम. मग दर दोन-चार आठवड्यांनी मात्रा पाच ते दहा टक्क्यांनी घटवतात. काहींना यात महिने लागतात. मध्ये त्रास वाढला तर त्याच मात्रेवर थोडे थांबायचे, पण शक्यतो पुन्हा वर चढायचे नाही.

कायद्याने अल्प्राझोलम, डायझेपाम आणि क्लोर्डायझेपॉक्साइड चिठ्ठीशिवाय विकता येत नाहीत. 2014 पासून लागू असलेल्या एच-1 यादीत त्यांची नावे आहेत. मेडिकलवाल्याने डॉक्टरचे आणि रुग्णाचे नाव वहीत लिहून ती नोंद तीन वर्षे जपायची असते. जुनी चिठ्ठी दाखवून ‘भाऊ, दोन पट्ट्या द्या’ म्हणणे आपणही थांबवले पाहिजे. एकाची गोळी दुसऱ्याला देणे तर नाहीच; वयस्क नानीला तीच गोळी रात्री पाडू शकते.

कुठे जावे, केव्हा धावावे

मानसिक आरोग्याबद्दल सल्ला हवा असेल तर टेली-मानसचा 14416 आणि व्यसनमुक्तीसाठी 14446 हे क्रमांक फुकट आहेत. पत्ता, उपचार, पुढची पायरी तिथे विचारता येते. झटका आला, माणसाला भान राहिले नाही, किंवा गोळीनंतर तो हाक मारूनही जागा होत नाही आणि श्वास संथ झाला, तर सकाळची वाट न पाहता 108 ला फोन करा. त्याला एका कुशीवर वळवून ठेवा, तोंडात काही घालू नका. घरात सापडलेली सगळी पाकिटे रुग्णालयात सोबत न्या. त्याने कोणती गोळी, किती आणि शेवटची कधी घेतली, हे डॉक्टरांना कळले की पुढचा निर्णय चुकण्याची शक्यता बरीच कमी होते.