व्हायव्हाची रंगीत तालीम

पीएच.डी.च्या मौखिकीआधी मित्रमंडळी जी तालीम घेतात ती बहुधा दोन तऱ्हांनी फसते. एका तऱ्हेत सगळे माना डोलावतात, स्लाइडवरच्या अक्षरांचा आकार वाढवायला सांगतात आणि चहाला उठतात. दुसऱ्या तऱ्हेत कुणीतरी खाष्ट परीक्षकाचा आव आणतो, वाक्यावाक्याला तोडतो, आणि उमेदवार घरी जातो तो प्रबंधातली एकही कच्ची जागा न कळता, फक्त धसका घेऊन. दोन्हीकडे दोष एकच आहे: प्रश्न प्रबंधाच्या पानातून आलेले नसतात. परीक्षक कठोर असावा की सौम्य, हा वाद त्यामुळे गौण ठरतो. ज्या प्रश्नाचे समाधानकारक उत्तर काय असेल हे परीक्षकाला आधी कागदावर लिहिता येते, तो प्रश्न कितीही बोचरा असला तरी न्याय्य असतो. ज्याचे उत्तर असे लिहिता येत नाही, तो विचारू नये. सोबत्यांनी घेतलेल्या तालमीला एवढी एक कसोटी पुरते, असे माझे म्हणणे आहे.

ही कसोटी चालते कशी, ते एका कल्पित प्रबंधावर पाहू. विषय समजा असा: नाशिक जिल्ह्यातल्या कांदा उत्पादकांच्या उत्पन्नावर ठिबक सिंचनाचा परिणाम. नमुना १२० शेतकऱ्यांचा, ठिबकवाले ६० आणि बिनठिबकवाले ६०. पान १४२ वर निष्कर्ष आहे की ठिबकमुळे एकरी निव्वळ उत्पन्न सरासरी २१ हजार रुपयांनी वाढते. हौशी परीक्षक इथे विचारतो, ‘तुमच्या संशोधनाचा समाजाला उपयोग काय?’ उमेदवार पाच मिनिटे बोलतो, कुणाचेच काही बिघडत नाही. तयारीचा परीक्षक पान उघडतो आणि विचारतो, ‘हे साठ ठिबकवाले तुम्ही कसे निवडले?’ उत्तर येते, अनुदान मिळालेल्यांच्या यादीतून. पुढचा प्रश्न, ‘अनुदानासाठी काय काय लागतं?’ सातबारा, आठ-अ आणि पाण्याची सोय. ‘म्हणजे या साठही जणांकडे पाणी आहे. उरलेल्या साठांपैकी किती जणांची स्वतःची विहीर आहे?’ उमेदवार परिशिष्ट चाळतो: २२. आता शेवटचा प्रश्न उरतो: ‘मग २१ हजारांतला किती भाग ठिबकचा आणि किती विहिरीचा?’

यातला एकही प्रश्न अवघड शब्दांत नाही, आवाज कुठे चढलेला नाही, पण प्रबंधाचा कणा तपासला गेला. परीक्षकाच्या कागदावर या शेवटच्या प्रश्नापुढे समाधानकारक उत्तर आधीच लिहिलेले असते: ‘विहीर असलेल्या त्या २२ जणांशीच तुलना करून फरक किती उरतो ते पाहिले, किंवा पाहिले नाही, ही मर्यादा आहे, आणि निष्कर्षातला “मुळे” हा शब्द मी मागे घेतो.’ समजा ती तुलना करून फरक सहा हजारांवर आला, तर प्रबंध कोसळत नाही, उलट खरा होतो. यांपैकी कोणतेही उत्तर मिळाले की परीक्षकाने तिथेच थांबून पुढे जायचे. मर्यादा कबूल केल्यावरही तीच जखम खरवडत बसणे ही कठोरता नव्हे, तो स्वतःचा दिमाख झाला. उलट ‘गाइडनी सांगितलं म्हणून’ किंवा ‘आधीच्या अभ्यासांतही असंच केलंय’ अशी उत्तरे आली, तर तोच प्रश्न दुसऱ्या शब्दांत आणखी एकदा विचारावा. दोनदा, तिसऱ्यांदा नाही.

प्रश्नांची ही साखळी कोणत्याही विषयात साधारण तीनच कड्यांची असते: काय केले, त्याऐवजी दुसरे का केले नाही, आणि कोणती गोष्ट निघाली तर निष्कर्ष ढासळेल. कांद्याच्या प्रबंधात तिसऱ्या कडीला हंगामाचा प्रश्नही बसतो. मुलाखती ज्या वर्षी घेतल्या त्या वर्षी उन्हाळ कांदा चाळीत ठेवून उशिरा विकणाऱ्यांना भाव चढा मिळाला असेल, आणि ठिबकवाल्यांकडेच चाळी जास्त असतील, तर ते उत्पन्न कशाचे? ब्रिटनमध्ये व्हर्नन ट्रॅफर्ड आणि शॉश लेशेम यांनी २००२ साली मांडले होते की व्हायव्हातले पुष्कळसे प्रश्न, विषय कोणताही असो, आधी ओळखता येण्याजोगे असतात. सोबती परीक्षक होऊ शकतात ते याच कारणाने. ‘त्यांना माझ्या विषयातलं काय कळणार?’ हा नेहमीचा आक्षेप निम्माच खरा आहे. उपपत्तीच्या बारकाव्यांसाठी विषयातलाच एक जण हवा, त्याने प्रबंध अथपासून इतिपर्यंत वाचलेला हवा. दुसरा मात्र मुद्दाम परक्या शाखेतला घ्यावा आणि त्याने फक्त सारांश व शेवटचे प्रकरण वाचावे. ‘मुळे’ आणि ‘सोबत’ यांतला घोटाळा त्यालाच आधी दिसतो. तिसऱ्याने काही न विचारता प्रत्येक प्रश्न आणि उत्तराचे पहिले वाक्य तेवढे टिपावे, कारण दडपणाखाली उमेदवाराला स्वतःची उत्तरे नंतर आठवत नाहीत. आणि एरवीच्या मित्राला त्या तासापुरते ‘तुम्ही’ म्हणावे. हसू येते, पण पाच मिनिटांत ओसरते.

दुसरा आक्षेप असा की अशा माऱ्याने उमेदवाराचा आत्मविश्वास जातो. त्यापेक्षा प्रबंध पुन्हा वाचू द्यावा. रोडिगर आणि कार्पिके यांचा २००६ चा प्रयोग इथे आठवावा. उतारा पुन्हा वाचणारे पाच मिनिटांनंतरच्या चाचणीत सरस ठरले, पण आठवड्यानंतर ज्यांनी न बघता आठवून लिहिण्याचा सराव केला होता त्यांच्या लक्षात अधिक राहिले. पुन्हा वाचल्याने येणारा आत्मविश्वास त्यामुळे थोडा फसवा असतो. हा प्रयोग छोट्या उताऱ्यांवरचा आहे, तीनशे पानी प्रबंधावरचा नाही, हे खरे. पण दिशा तीच दिसते.

खरे परीक्षक कुठे एवढे न्याय्य असतात, हा तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. कुणी स्वतःच्या पुस्तकाचा उल्लेख का नाही असे विचारतो, कुणी विषयाबाहेर भाषण करतो. त्यासाठी तालमीची शेवटची पाच मिनिटे राखून ठेवावीत आणि ‘आता अन्याय्य प्रश्न’ असे जाहीर करावे. तिथे उमेदवाराला एकच गोष्ट शिकायची असते: अभ्यासाची कक्षा कोणत्या पानावर आखली आहे ते सांगायचे, प्रश्न कक्षेबाहेरचा असल्याचे नम्रपणे नोंदवायचे आणि गप्प बसायचे. हे प्रश्न तासभर मिसळून विचारले, तर कोणती चूक प्रबंधाची आणि कोणती परीक्षकाची हे उमेदवाराला कळतच नाही.

राहिला तो कुजबुजीतला आक्षेप, की आपल्याकडे व्हायव्हा हा उपचारच असतो. त्यात तथ्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांप्रमाणे बाह्य परीक्षकांचे अहवाल अनुकूल आल्यावरच मौखिकी ठरते, त्यामुळे त्या दिवशी नापास होणारा क्वचितच. पण म्हणूनच तालमीची वेळ बदलायला हवी. त्याच नियमांत प्रबंध सादर करण्याआधी संशोधन सल्लागार समितीपुढे खुले सादरीकरण आहे. तालीम त्याच्या निदान तीन आठवडे आधी ठेवा, म्हणजे त्या २२ विहीरवाल्यांची तुलना नव्याने करायला वेळ राहील. बांधणीला गेलेल्या प्रबंधात पान १४२ वरचा ‘मुळे’ कुणालाच खोडता येत नाही.